'आड्डा' मराठीत आणताना नेमकं अडतं कुठे

प्रश्न: मी नुकतंच बंगाली कथांचं मराठी करायला घेतलंय. 'आड्डा' शब्द आला की हात थांबतो. गप्पा म्हणू, कट्टा म्हणू, की तसाच ठेवू? सगळे म्हणतात ह्याचं भाषांतर होत नाही, पण का होत नाही ते कोणी सांगत नाही.

उत्तर: मी बंगालीतून मराठीत वीसेक वर्षं भाषांतर करतोय आणि ह्या एका शब्दावर मी जेवढे तास घातलेत तेवढे दुसऱ्या कुठल्याच शब्दावर घातले नसतील, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण सगळं सांगतो.

आधी एक गोष्ट. आड्ड्याचा अर्थ अवघड नाहीये. चार ओळखीची माणसं, ठरलेली जागा, काम काही नाही, विषय ठरलेला नाही, उठायची घाई नाही, आणि तासन् तास बोलणं. हे आपल्याला लगेच कळतं, आपल्याकडेही माणसं असं बसतात. अडतं ते दुसरीकडेच. बंगालीत हा एकच शब्द त्या बोलण्यालाही लागतो, त्या मंडळींनाही लागतो आणि त्या जागेलाही लागतो, आणि लेखक एका पानात ह्या तिन्हींवरून सहज फिरून येतो. शिवाय आपलं मराठीवाल्यांचं एक जास्तीचं दुखणं आहे, इंग्रजी किंवा जर्मन भाषांतरकाराला नसलेलं, ते म्हणजे आपल्याकडे अड्डा आधीपासून आहे आणि तो बदनाम आहे.

ह्या बदनामीपासूनच सुरू करतो कारण माझं तिथेच पोळलंय. माझ्या सुरुवातीच्या एका कादंबरीत एक रिटायर्ड हेडमास्तर होते, उत्तर कोलकात्यातले, रोज संध्याकाळी धुतलेलं धोतर नेसून आड्ड्याला जाणारे. मी शब्द तसाच ठेवला होता आणि मुद्दाम 'आड्डा' असा दीर्घ आ देऊन लिहिला होता, बंगालीत तो तसाच आहे, लिहितात आ आणि बोलतातही आ. प्रकाशनाकडच्या प्रूफ तपासणाऱ्यांना ती माझी चूक वाटली. त्यांनी आख्ख्या फाइलमध्ये एका झटक्यात 'अड्डा' करून टाकलं आणि शेवटचं प्रूफ मला न दाखवता पुस्तक छापलं गेलं. आता मराठीत वाचा, 'मास्तर रोज संध्याकाळी अड्ड्यावर जात आणि रात्री उशिरा परतत.' आपण पेपरात रोज काय वाचतो? जुगाराच्या अड्ड्यावर छापा, दारूचा अड्डा उद्ध्वस्त. एका वाचकाचं पत्र आलं, त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं की मास्तरांना कसलं व्यसन होतं ते शेवटपर्यंत उलगडलं नाही, काही पानं गाळलीत का. मला ते पत्र वाचून फार वाईट वाटलं कारण त्या माणसानं पुस्तक नीट, शेवटपर्यंत वाचलं होतं आणि एका काढून टाकलेल्या कान्यामुळे त्याच्या हातात भलताच माणूस आला होता.

तेव्हापासून माझा नियम असा की 'आड्डा' ठेवायचा असेल तर दीर्घ आ, आणि प्रूफबरोबर वेगळ्या कागदावर स्पष्ट लिहून द्यायचं की हा शब्द दुरुस्त करू नये. त्या एका कान्यानं वाचकाचा डोळा अडखळतो आणि त्याला कळतं की हा आपला अड्डा नव्हे, ह्याचा कोणीतरी भाऊ दिसतोय. आणि तो खरंच भाऊच आहे. हिंदीत अड्डा म्हणजे गाड्यांचं ठाणंही, पिंजऱ्यात पक्ष्याला बसायची दांडीही, आणि जरदोजीवाले कापड ताणून ज्या चौकटीवर काम करतात तिलाही अड्डाच म्हणतात. म्हणजे मुळात टेकायची, थांबायची, बसायची जागा. आपल्याकडे त्या जागेत जुगारी येऊन बसले आणि शब्द त्यांचा झाला. बंगालीत तिथे मित्र येऊन बसले.

अर्थात बंगालीतही तो पहिल्यापासून सभ्य नव्हता, आणि हे भाषांतर करताना माहीत असायला लागतं. एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्याचं चित्र काढणाऱ्या कालीप्रसन्न सिंहांच्या 'हुतोम प्यांचार नक्शा'मध्ये, ते १८६२ चं पुस्तक, आड्डा दिसतो तो गांजा-अफूवाल्यांचा. पुढे विसाव्या शतकात शिकलेला मध्यमवर्ग, कॉलेजं, मासिकं, चहाची दुकानं हे सगळं वाढलं आणि लेखक-कवी जिथे जमायचे त्यालाही आड्डाच म्हणायला लागले. बुद्धदेव बसूंनी तर ह्या नावाचा निबंधच लिहिला आणि त्यात सभा एकीकडे आणि आड्डा दुसरीकडे असं मांडलं, की सभेला उद्देश असतो, आड्डा मुद्दाम घडवायला गेलं की निसटतो. ते नुसतं लिहिणारे नव्हते, रासबिहारी अॅव्हेन्यूवर २०२ नंबरला त्यांचं 'कविता भवन' होतं आणि तिथे कवींचा राबता असायचा. इतिहासकार दीपेश चक्रवर्तींनी २००० साली आलेल्या 'प्रोव्हिन्शियलायझिंग युरोप'मध्ये आड्ड्यावर आख्खं प्रकरण लिहिलंय, आणि इंग्रजीत लिहूनही शब्द आड्डाच ठेवलाय. ते वाचाच, कारण हा शब्द वाईटाचा चांगला कसा झाला ते त्यात नीट येतं.

पण वाईटाचा चांगला झाला म्हणजे वाईट अर्थ गेला असं नाही. बाप पोराला ओरडतो तेव्हा अजूनही तोच शब्द वापरतो. म्हातारा माणूस तरुणपण आठवून हळवा होतो तेव्हाही तोच. मराठीत एकाला उनाडक्या म्हणतात आणि दुसऱ्याला गप्पांची मैफल म्हणतात, बंगालीत दोन्ही आड्डाच, आणि चांगला लेखक नेमका ह्याच गोष्टीवर खेळतो.

आता व्याकरणाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे आणि नवीन माणूस तिथेच फसतो. बंगालीत आड्डा 'देतात' आणि आड्डा 'मारतात'. आड्डा देओया हे साधं, घरात मोठ्यांसमोरही चालणारं. आड्डा मारा हे जरा सैल, पोरांच्या तोंडचं, किंवा रागावलेल्या बापाच्या. आता आपल्या डोक्यात 'गप्पा मारणे' इतकं पक्कं बसलंय की मारा दिसलं की आपण निर्धास्तपणे गप्पा मारणे लिहून टाकतो. पण मराठीत गप्पा मारणे हे अगदी साधं आहे, आजीही नातीशी गप्पा मारते. म्हणजे बंगालीतल्या 'देणे'ला आपलं 'मारणे' जुळतं, आणि बंगालीतल्या 'मारणे'ला आपल्याला गप्पा हाणणे, गप्पा छाटणे, चकाट्या पिटणे, टवाळक्या करणे अशी एखादी पायरी खाली उतरायला लागते. क्रियापद सारखं दिसतं म्हणून सारखं नसतं. मी नवीन लोकांची भाषांतरं तपासतो तेव्हा दहातल्या आठ जणांकडे हीच चूक असते.

दुसरं, गप्पा मराठीत कायम अनेकवचनी, आणि त्या मोजता येत नाहीत. आड्डा मोजता येतो. माणसाचे दोन आड्डे असू शकतात, एक ऑफिस सुटल्यावरचा आणि एक रविवार सकाळचा. आड्डा मोडू शकतो, बंगालीत 'भांगतो', म्हणजे त्या दिवसापुरता उठतो किंवा कायमचा फुटतो. आणि आड्डा जमतो. हे जमणं मात्र आपल्याला आयतं मिळालंय, मैफल जमली, रंग जमला, हे आपण म्हणतोच, तिथे मुळीच दुसरं काही शोधू नका.

हे जमणं म्हणजे काय ते मी एकदा जवळून बघितलं आणि मग मला हा शब्द खऱ्या अर्थानं कळला. उत्तर कोलकात्याच्या जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूला दाराशी लांब ओटा असतो, त्याला रोयाक म्हणतात, बोलताना नुसतं रोक. आपल्या जुन्या वाड्यांच्या ओट्यासारखाच, फक्त खाली गल्लीच सुरू. मी एका ओळखीच्यांबरोबर अशा रोकवर बसलो होतो, पाच जण होते, मातीच्या भांड्यातून चहा आला होता, बोलणं माशांच्या भावावरून सुरू झालं होतं ते फुटबॉलवरून कोणाच्या तरी मावशीच्या घराच्या भांडणावर आलं होतं. सहावा माणूस वीस मिनिटांनी आला. कोणी त्याला या म्हणालं नाही, विषय काय चाललाय ते सांगितलं नाही, एकानं नुसतं 'शोरे बोश' म्हटलं, म्हणजे जरा सरकून बस, तेही शेजारच्याला, आणि तो बसला, दोन मिनिटं ऐकलं आणि मावशीच्या भांडणात बाजू घेऊन बोलायला लागला. तो पाहुणा नव्हता, श्रोताही नव्हता. त्याची तिथे जागा होतीच, तो फक्त उशिरा येऊन तिच्यात बसला. तेव्हा मला कळलं की आड्ड्यातलं बोलणं बदलत राहतं, बसणं तेच राहतं, आणि 'गप्पा'त नेमकं हे बसणंच येत नाही.

मग आपल्याकडचे बाकीचे उमेदवार बघू. मैफल चालत नाही, तिथे गाणारा एक आणि ऐकणारे बाकीचे. बैठकीला काम असतं, नाहीतर गादी-तक्क्या असतो. गॉसिप तर चुकीचंच, त्याला बंगालीत पोरोचोर्चा हा वेगळा शब्द आहे, आड्ड्यात पोरोचोर्चा होते पण ती म्हणजे आड्डा नव्हे. मालवणी गजाली बोलण्याच्या स्वभावात फार जवळ येतात, तीच निरुद्देश रमणूक, आणि मला तो शब्द अतिशय आवडतो, पण तो लिहिला की बंगाली माणूस थेट कुडाळ-मालवणात जाऊन बसतो आणि मग त्याला तिथून उठवता येत नाही.

कट्टा सगळ्यात मोहात पाडतो. जागा आहे, मंडळी आहेत, बोलणं आहे, 'आमचा कट्टा' म्हटलं की तिन्ही येतात. पण दोन अडचणी आहेत. एक, कट्टा तरुण आहे, कॉलेजचा आहे, साठीतले हेडमास्तर कट्ट्यावर जातात म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर ज्येष्ठ नागरिकांची बाग येते. आणि दुसरी मोठी, गेल्या काही वर्षांत कट्टा म्हणजे कार्यक्रम झालाय. पाहुणा येतो, माईक असतो, मुलाखत होते, शेवटी आभार असतात, आणि नाव कट्टा. म्हणजे बुद्धदेव बसूंनी जी सभा आड्ड्याच्या विरुद्ध बाजूला ठेवली तिलाच आपण कट्टा म्हणायला लागलोय. तरुण पात्रं असतील, गोष्ट शहरी आणि हलकी असेल तर मी कट्टा वापरतो, नाहीतर नाही.

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा एका गोष्टीत ही चार वाक्यं वेगवेगळ्या पानांवर आलीयेत, वाक्यं माझीच आहेत पण कुठल्याही कथेत सापडतील अशी.

पहिलं, बाप म्हणतो, 'आड्डा मेरे मेरेई छेलेटा उच्छोन्ने गॅलो.' दुसरं, निवेदक सांगतो, 'आमादेर आड्डाटा छिलो मोड़ेर चायेर दोकाने.' तिसरं, 'शेदिन आड्डाटा जोमलो ना.' चौथं, 'चाकरि पेये शोबाई छोड़िये पोड़लो, आड्डाटा भेंगे गॅलो.'

प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर मराठी अगदी सरळ होतं. 'ह्या टवाळक्यांनीच पोरगं वाया गेलं.' 'आमची बसायची जागा म्हणजे कोपऱ्यावरची चहाची टपरी.' 'त्या दिवशी गप्पा काही रंगल्या नाहीत.' 'नोकऱ्या लागल्या तसे सगळे पांगले, आमचं टोळकं फुटलं.' चारही मराठी म्हणून चांगली आहेत, एकातही भाषांतराचा वास येत नाही, आणि तरी गोष्ट मेली. कारण बंगाली वाचकाला चौथ्या वाक्यात आड्डा मोडला तेव्हा मागचे तिन्ही ऐकू येतात, बापानं ज्याला शिव्या घातल्या तीच गोष्ट मोडली आणि मोडल्यावर कळलं की ती काय होती. मराठीत टवाळक्या, जागा, गप्पा आणि टोळकं अशा चार वेगळ्या गोष्टी झाल्या, त्यातलं टोळकं फुटल्याचं वाचकाला कशाला वाईट वाटावं?

म्हणून लांब गोष्टीत मी शब्द ठेवतो, चारही ठिकाणी. 'आड्डे मारून मारूनच पोरगं वाया गेलं.' 'आमचा आड्डा कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर.' 'त्या दिवशी आड्डा काही जमला नाही.' 'नोकऱ्या लागल्या तसे सगळे पांगले, आड्डा मोडला.' मराठी विभक्ती बिनधास्त लावतो, आड्ड्यात, आड्ड्याला, आड्ड्याचा, कारण सामान्यरूप झालं की शब्द पाहुणा राहत नाही. तळटीप देत नाही, कंस तर नाहीच. बघा, बापाच्या ओरडण्यातून वाचकाला आपोआप कळतं की हे वेळ घालवणं आहे, टपरीवरून कळतं की जागा आहे, 'जमला नाही'वरून कळतं की ती नुसती जागा नाही. चार वाक्यांत गोष्टीनंच शब्द शिकवला.

अडचण येते ती शब्द पहिल्यांदा अगदी बोडक्या जागी आला तर. 'तो आड्ड्याला गेला,' बस्स, पुढे काही नाही. तिथे मी एक शब्द आत सरकवतो, 'तो मित्रांच्या आड्ड्याला गेला', किंवा 'संध्याकाळच्या आड्ड्याला'. मूळ लेखकाचा बंगाली वाचक ते गृहीत धरतोच, म्हणजे मी नवीन काही घालत नाही, जे न लिहिता पोचत होतं ते लिहून पोचवतो. पण हे एकदाच, पहिल्याच वेळी. 'मित्रांच्या'वरून आपला बदनाम अड्डाही दूर राहतो.

आणि शब्द पुस्तकात एकदाच येत असेल तर ठेवू नका. एका वेळेसाठी वाचकाला परका शब्द शिकायला लावण्यात अर्थ नाही, 'गप्पा मारत बसले होते' लिहा आणि पुढे चला. त्यातला 'बसले' मात्र सोडू नका, 'गप्पा मारत होते' आणि 'गप्पा मारत बसले होते' ह्यात जो फरक आहे तो आड्ड्याचा निम्मा अर्थ आहे आणि तो आपल्या मराठीत फुकट मिळतो. सबटायटलमध्येही हेच, तिथे ओळ जेमतेम चाळीसेक अक्षरांची आणि वाचक मागे जाऊन बघू शकत नाही.

साधलंय की नाही हे ओळखायची माझी एक पद्धत आहे. बंगाली अजिबात न येणाऱ्या कोणाला तरी, माझ्याकडे ती माझी बहीण, तो उतारा मोठ्यानं वाचून दाखवतो आणि विचारतो, हे लोक रोज भेटणारे वाटले की त्या दिवसापुरते? 'बोलत होते ना काहीतरी' असं उत्तर आलं की समजायचं मंडळी गळली, फक्त बोलणं उरलं. 'ह्यांचं रोजचं आहे वाटतं' असं आलं की पुढचं पान घ्यायचं.

शेवटी एक उलटी चूक, ही मी स्वतः एकदा करता करता थांबलो. शब्द एकदा हाताला बसला की तो सगळीकडे घालावासा वाटतो. त्याच मास्तरांच्या कादंबरीत एक प्रसंग होता, दुपारी गच्चीवर बायका डाळीच्या बोड्या, म्हणजे आपल्या सांडग्यांसारखं वाळवण, घालत बसल्यात आणि बोलतायत. तीन-चार जणी, रोजची जागा, विषय कसलाच नाही. मी लिहूनही टाकलं होतं की गच्चीवर बायकांचा आड्डा जमला. मग मूळ पान परत काढून बघितलं तर लेखिकेनं तिथे आड्डा लिहिलंच नव्हतं, 'गोल्पो कोरा' लिहिलं होतं, नुसतं बोलत बसणं. आख्ख्या पुस्तकात आड्डा फक्त पुरुषांच्या वाट्याला होता, रोकवर, चहाच्या दुकानात, आणि बायकांचं तेच सगळं गोल्पो. तिनं ते ठरवून केलं होतं की त्या काळच्या भाषेत ते तसंच होतं, हे मला ठरवायचं कारण नव्हतं. मी आड्डा खोडला आणि लिहिलं, 'दुपारभर गच्चीवर हात चालू होते आणि गप्पाही.'